कुंकू लावलेला फोन

जळगावला स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका चपलावाल्याच्या ओट्यावर माझं टेबल आहे. वर पाटी आहे, 'मोबाईल दवाखाना'. पाटी मीच रंगवली. डॉक्टरच्या गळ्यातलं ते नळीचं यंत्र काढायला गेलो, ते चार्जरच्या वायरसारखं झालं. लोकांना वाटतं मुद्दाम काढलंय, हुशार माणूस आहे. मी पण काही बोलत नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. चौथीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसलो असतो तर बाकाला माझं नाव द्यावं लागलं असतं.

फोनचं काम मी शिकलो ते फोन बिघडवून. पहिला बळी माझाच फोन. नवाकोरा घेतला होता आणि काचेवर बोटांचे डाग दिसले की माझा जीव जायचा. एक दिवस रंगवाल्याकडून थिनर आणलं आणि भांडं घासतात तशी काच घासली. अशी चमकली की चपलावाल्याला नेऊन दाखवली. पण आठवडाभरात त्या काचेवर डाग पडला की निघेना, नुसता पसरायचा. शेवटी बाजारातल्या एका जुन्या कारागिराला दाखवली. तो म्हणाला, "नव्या काचेवर एक थर असतो रे. डोळ्याला दिसत नाही. त्याच्यावर तेल धरत नाही, म्हणून डाग एका हातात निघतो. तू तो थरच चोळून काढला."

"परत लावता येईल का?"

तो माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "तुझे केस परत लावता येतील का? बाटलीत मिळतो तसला थर, पण तो विगच. टिकत नाही."

तेव्हापासून मी शहाणा झालो. म्हणजे फोनपुरता.

आता जे सांगणार आहे ते माझ्या अक्काचं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, पारोळ्याला दिलेली. दाजी तिथल्या मार्केट यार्डात काट्यावर तोलाईला आहेत. अक्का हंगामात कापूस वेचायला जायची आणि बाकीच्या दिवसांत लग्नात गाणी म्हणायला. पैसे घेऊन नाही, बोलावणं आलं की जायची. आमच्याकडे हळदीला बाया अहिराणीत गाणी म्हणतात, नवरीच्या मामाला, काकाला, व्याह्याला नावं ठेवत ठेवत. अक्काला त्यातलं इतकं यायचं की व्याही लोक मांडवात शिरायच्या आधी विचारायचे, ती बाई आलीय का. माझ्या लग्नात तिनं मलाच धरलं होतं. बोहल्यावर मी आणि समोर सगळा मांडव मला हसतोय. म्हणाली, आमचा भाऊ चौथीतून बाहेर निघेना, आता घरातून तरी निघतो का बघा. बायको अजून ते म्हणून दाखवते.

मग अक्काला घशाचं दुखणं झालं. धुळ्याला दाखवलं, गाठ निघाली. आवाज आधी बसला, मग फाटला. अजून थोडा आवाज होता तेव्हा ती फोन घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "यामा गाना भराना कसं, ते दखाड."

मी तिला आवाज भरायचं बटण दाखवलं. विचारलं, "कोणासाठी?"

"पोरगीनी हयद व्हई ना कधी तरी. मी ऱ्हासू की नही, कोनले माहीत. तू तर गावाव नही."

मी म्हटलं, "मी गायलो तर वरात माघारी जाईल." ती हसली, पण हसताना घशाला हात लावला.

त्याच दिवशी तिनं फोनला लॉक लावून मागितलं. शेजारची पोरं फोन घेतात, चुकून गाणी पुसतील म्हणून. बोटाचं लॉक लावायला गेलो, तर तिचं बोटच लागेना. हंगामामागून हंगाम कापसाची बोंडं उकलून तिच्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा गेल्या होत्या. रेशनच्या मशीनवर पण तिचं असंच व्हायचं. मी म्हटलं, अक्का, सरकारच्या लेखी तू नाहीसच. मग नऊ ठिपक्यांवर रेघ ओढायचं लॉक लावलं. तिला सांगितलं, रेघ कोणाला दाखवू नको, मला पण नाही. आणि नाटक करायची सवय, म्हणून भिंतीकडे तोंड करून दोन्ही हातांनी डोळे झाकून उभा राहिलो. चपलावाला हसला. अक्कानं मागून पाठीत धपाटा घातला आणि रेघ ओढली. ती रेघ दुनियेत एकाच माणसाला माहीत राहिली.

अक्का गेली ती पुढच्या हिवाळ्यात.

आमच्यात घरात असं झालं की लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर लांबवतात. भाचीला साक्रीकडचं चांगलं स्थळ आलेलं होतं. त्या लोकांनी सांगितलं, वर्षाच्या आत करा. तारीख धरली. आणि तारीख धरली तेव्हा दाजींना गाण्यांची आठवण झाली. भाचीला माहीत होतंच, तिच्यासमोर अक्कानं ती भरली होती. एका लग्नाला लागतील तेवढी सगळी, तेल लावायच्या गाण्यापासून हळद उतरायच्या गाण्यापर्यंत. मधे मधे खोकला आला तर थांबून परत म्हटलेली.

दाजी आणि भाची दोघं एसटीनं जळगावला आले. दाजींनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून फोन. मी फोन बघितला आणि आधी हसलोच. माझी वाईट खोड आहे ती, समजायच्या आधी तोंड हसतं.

फोनच्या काचेवर मधोमध कुंकवाचा मोठा टिळा होता. वर हळद. दोन अक्षता चिकटलेल्या.

"दाजी, याची पण पूजा केली का?"

भाचीनं सांगितलं. अक्काच्या फोटोजवळ दाजींनी तिचा फोन ठेवला होता, देवाच्या फळीवर. रोज सकाळी आंघोळ झाली की ओल्या फडक्यानं फोटो पुसायचा, फोन पुसायचा, दोघांना हळदकुंकू लावायचं, उदबत्ती ओवाळायची. जवळजवळ वर्षभर. एक दिवस चुकला नाही.

"आईला सवाष्ण गेली म्हणून कुंकू लावतात ना मामा," भाची म्हणाली. "मग बाबांनी फोनलाही सुरू केलं."

माझं हसू तोंडातच राहिलं.

फोन बंद होता आणि चार्जिंग घेत नव्हता. चार्जिंगच्या भोकात बॅटरी मारून बघितलं. आत लालभडक. कुंकवाची भुकटी, उदबत्तीची राख, आणि त्याच्या खाली जुना कापूस. कापूस वेचणाऱ्या प्रत्येक बाईच्या फोनमध्ये तो निघतो, पदराच्या गाठीत फोन असतो ना, वायर लावली की बोंडातला बारीक तंतू आत दाबला जातो. वरून रोजचं ओलं फडकं. सगळ्याचा गारा होऊन वाळलेला. आतल्या पितळी टोकांना हिरवट गंज चढलेला.

दाजी म्हणाले, "सुई घालीसन काढ ना."

"सुई नाही घालायची, दाजी. आत मधोमध एक पातळ जीभ असते, ती मोडली की संपलं. आणि लोखंड लागलं की करंट एकमेकांत जातो." मी कसा शिकलो ते नाही सांगितलं. मी शिकलो तेव्हा एका मास्तरणीच्या फोनमधून धूर निघाला होता.

फुंकर पण मारायची नाही, थुंकी जाते आत. लाकडी दातकोरणी घेतली, तिचं टोक अजून बारीक केलं, आणि कडेकडेनं, जिभेला न लागता, कापूस ओढत बसलो. लाल कापूस निघत होता, कुंकू लागलेला. दवाखान्यात टाकायचा बोळा असतो तसा. भाचीनं तोंड फिरवलं. मग दुकानातली स्पिरिटची बाटली काढली, फोन साफ करायची वेगळी येते, त्या स्पिरिटनं ब्रश जेमतेम ओला करून टोकं घासली. हिरवं गेलं. मग मी म्हटलं आता उद्यापर्यंत वाळू द्या, वायर लावायची नाही. दाजींना वाटलं मी उगाच लांबवतो. पण ओल्या भोकात करंट दिला की उरलंसुरलं पण जळतं. ते दोघं रात्री माझ्याकडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात वायर लावली. आधी काहीच नाही. मी मनात म्हटलं, गेलास तू, आता पारोळ्याला तोंड दाखवू नको. मग काचेवर बॅटरीचं चित्र आलं. दाजी उभे होते ते खाली बसले.

फोन सुरू झाला आणि नऊ ठिपके आले.

आम्ही तिघं त्या ठिपक्यांकडे बघत राहिलो. दाजी म्हणाले, "आते उघाड."

"रेघ लागेल, दाजी."

"तूनीच तर लाई देल व्हतं."

"मी भिंतीकडे तोंड करून होतो."

दाजी म्हणाले, "तुले कोनी सांगेल व्हतं भितकडे दखाले?" त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

आता रेघ कशी शोधतात ते मला माहीत होतं. रोज एकच रेघ ओढली की बोटाच्या तेलाचा माग काचेवर राहतो. फोन उजेडात तिरपा धरला की दिसतो. कितीदा माणसं लॉक विसरून येतात, मी फोन तिरपा धरून त्यांचीच रेघ त्यांना दाखवतो आणि जादूगार असल्यासारखा भाव खातो. म्हणून मी पहिल्यांदा तेच केलं. उजेडाकडे धरला. काचेवर कुंकवाचा टिळा आणि ओल्या फडक्याचे ओरखडे. तिच्या बोटाचं काही म्हणजे काही नाही. वर्षभर रोज पुसलेली काच.

दाजींना कळलं. मी सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडावरनं कळलं असेल. माझं तोंड तसं उघडं दुकान आहे.

"बठ्ठं मनाच हातथीन पुसाई गयं का रे?"

मी म्हटलं, "सगळं नाही पुसलं, थांबा, अजून एक बघू."

ती दुसरी गोष्ट माझ्या थिनरच्या फोनवरून मला माहीत होती. थर जिथं जास्त बोट फिरतं तिथं आधी झिजतो. तोंडाची वाफ मारली की दिसतं. थर आहे तिथं वाफेचे बारीक थेंब बसतात, थर गेला तिथं वाफ पसरून बसते, वेगळी दिसते. मी चष्म्याच्या मऊ कापडाचं टोक जरासं पाण्यानं ओलं केलं, काचेवर पाणी न टाकता टिळा उचलला, दाबला नाही, कारण कुंकवात खडा असतो. मग कोरड्यानं टिपलं. तोंड जवळ नेऊन हळू वाफ सोडली.

काच पांढरी झाली आणि डाव्या हाताला, खालच्या बाजूला, एक फिकट रेघ दिसली. खालून वर गेलेली, मग उजवीकडे वळलेली. दिसली असं मी म्हणतो. दिसावीशी वाटली म्हणून दिसली असेल. भाचीनं माझा खांदा घट्ट धरला. तिलाही दिसली असावी.

रेघ मधल्या ठिपक्यापर्यंत आली आणि तिथं संपली. पुढे नुसता एक गोल. बोटाएवढा, स्वच्छ, उघडा. थर पार गेलेला. दाजींनी वर्षभर रोज तिथंच अंगठा दाबून कुंकू लावलं होतं.

वाफ विरली. मी परत मारली. परत तेच. तिची अर्धी रेघ आणि दाजींचा गोल.

भाची म्हणाली, "मामा, अर्धी तर मिळाली ना. बाकीची जुळवून बघू."

जुळवून बघितली. पहिली चुकली, दुसरी चुकली. थोड्या वेळानं फोन म्हणाला, थांबा. थांबलो. परत चुकली, परत थांबा, आता जास्त वेळ. तो दरवेळी थांबण्याचा वेळ वाढवत जातो. मी मोठ्या दुकानात पण नेला, जिथं एसी असतो आणि पोरं टाय लावतात. ते म्हणाले लॉक काढता येतं, पण फोन कोरा होईल. आतलं सगळं कुलूप लावलेलं असतं आणि किल्ली ती रेघच. त्यांनी विचारलं, गाणी कुठं वर, इंटरनेटवर साठवलेली आहेत का. नाही, फोनमध्येच भरलेली होती. वर साठवायचं बटण मला माहीत होतं. त्या दिवशी मला नाटक करायचं होतं म्हणून दाखवायचं राहिलं.

दाजी म्हणाले, "कोरा नको करू."

हळदीला मी पारोळ्याला गेलो. भाचीला पाटावर बसवलं. बाया जमल्या. त्यातल्या म्हाताऱ्या बायांनी अक्काचं एक गाणं सुरू केलं, तेल लावायचं. दोन कडव्यांपर्यंत आलं. तिसरं कोणाला येईना. एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, याच्या पुढे ती मामाला नावं ठेवायची. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं तिनं काय म्हटलं असेल, माझंच टक्कल आलं असेल त्यात, चौथी आली असेल. पण शब्द माझ्याजवळ नव्हते. मी उभा राहून म्हटलं, "मी तिसरं कडवं आहे, मला बघून घ्या." थोड्या बाया हसल्या. भाची हसली नाही, हळदीचे हात तसेच मांडीवर ठेवून खाली बघत होती. मग पोरांनी मोबाईलवर डीजेची गाणी लावली आणि हळद झाली.

भाची साक्रीकडे गेली. दाजी घरात एकटे झाले.

त्यानंतर एका शनिवारी, यार्ड बंद होतं, दाजी जळगावला आले. रुमालातून फोन काढला. काच साफ होती. पुसायला मीच त्यांना मऊ कापड दिलं होतं. म्हणाले, "परत एकदा करी दखू."

मी वाफ मारली. अर्धी रेघ दिसली. तिथून पुढे दाजींनी स्वतःच्या बोटानं एक वाट ओढली. चुकली. फोन म्हणाला, थांबा.

थांबायच्या वेळात चपलावाल्यानं चहा मागवला. दाजी त्यांच्या काट्याचं बोलले, यंदा कापूस ओला येतोय. मी माझ्या गिऱ्हाइकांचं सांगितलं. मग वेळ झाली, परत एक वाट ओढली. चुकली. आता फोननं अजून लांब थांबायला सांगितलं.

अक्का होती तेव्हा दाजी माझ्याकडे कधी बसायचे नाहीत. यायचे ते तिला घ्यायला, उभ्या उभ्या. साले साहेब म्हणायचे, पण टोमणा असायचा त्यात. आता शनिवारी येतात. एक दोन वाटा ओढतात. मी वहीत लिहून ठेवू का विचारलं, कोणत्या झाल्या ते, तर म्हणाले, नको, ध्यानात राहतात. मला माहीत आहे राहत नाहीत. एकच वाट ते परत परत ओढतात. मी सांगत नाही.

मागच्या शनिवारी फोननं इतकं थांबायला सांगितलं की पारोळ्याची शेवटची गाडी गेली असती. मी म्हटलं, दाजी, मुक्कामच करा आता, सकाळी ओढू. त्यांनी थोडा विचार केला आणि पिशवी टेबलाखाली ठेवली.

"भाजी काय शे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वांग्याचं भरीत. ते म्हणाले, मंग चालीन. मी टेबल आवरायला लागलो आणि दाजींनी फोन रुमालात गुंडाळला.